पोट साफ होत नाही? चूर्ण बदलण्याआधी थायरॉईड आणि साखर तपासा

पोट साफ होत नसलं की घरातलाच इलाज आधी सुरू होतो. कुणी रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा घेतं, कुणी सोनामुखीचं चूर्ण, कुणी इसबगोल. बऱ्याच जणांना त्यानं आराम पडतो आणि विषय तिथंच संपतो. पण काही जणांचं तसं होत नाही. खाणंपिणं पूर्वीसारखंच असतं, भाकरी-भाजी, पालेभाजी, ताक सगळं पोटात जातं, तरी महिनोन् महिने संडासला कडक होतं आणि चूर्णाचा चमचा एकाचे दोन होत जातो. अशा वेळी दोष आतड्यात नसून आतड्याला चालवणाऱ्या यंत्रणेत असू शकतो. ती यंत्रणा बिघडवणाऱ्या आजारांत थायरॉईडचं काम मंदावणं आणि मधुमेह हे दोन नेहमी आढळणारे आजार आहेत.

बद्धकोष्ठता कधी म्हणायची?

रोज एकदा झालंच पाहिजे असा काही नियम नाही. दिवसाआड होणंही कित्येकांच्या बाबतीत नॉर्मल असतं. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं, वरचेवर जोर करावा लागणं, खड्यासारखं कडक होणं, होऊनही मोकळं न वाटणं, यांपैकी दोन-तीन गोष्टी तीन महिन्यांहून जास्त चालू असतील तर डॉक्टर तिला जुनाट बद्धकोष्ठता म्हणतात. त्यातही ज्यांचं पोट आयुष्यभर व्यवस्थित होतं आणि आता अचानक बिघडलंय, त्यांनी जास्त लक्ष द्यायला हवं.

थायरॉईड मंदावला की आतडंही मंदावतं

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. आलेल्या अन्नातलं पाणी शोषून घेणं आणि उरलेला मळ पुढं ढकलणं, ही त्याची दोन मुख्य कामं. ढकलण्याचे मोठे हेलकावे दिवसातून मोजकेच येतात, विशेषतः सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर. सकाळच्या चहानंतर संडासला लागते ती यामुळंच.

गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन सगळ्या शरीराचा वेग ठरवतं, तसा आतड्याच्या स्नायूंचाही. ते कमी पडलं की हेलकावे विरळ आणि कमजोर होतात. मळ आतड्यात जास्त वेळ पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जात राहतं आणि शेवटी कडक गोळा उरतो. अशा मंद आतड्यात पुरेसं पाणी न पिता नुसता कोंडा आणि इसबगोल वाढवला, तर पोट मोकळं होण्याऐवजी उलट फुगतं.

एका घरातलं उदाहरण

खानापूर तालुक्यातल्या खेड्यात राहणारी ४८ वर्षांची एक गृहिणी आहे असं समजू. वजन ६२ किलो. आठ महिन्यांपासून तिला तीन-चार दिवसांनी एकदा होतंय. याच काळात वजन पाच किलोनं वाढलंय, टाचा फुटल्यात, केस गळतायत आणि आवाज घोगरा झालाय. घरातले सगळे पंखा लावून झोपतात तेव्हा हिला थंडी वाजते. पाळीत रक्त जास्त जातं, पण वयच तसं आहे म्हणून घरात कुणी ते मनावर घेत नाही.

रक्त जास्त गेल्यानं हिमोग्लोबिन उतरतं आणि तिला लोहाच्या गोळ्या मिळतात. गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या दवाखान्यातून कॅल्शियम मिळतं. आता गंमत अशी की लोह आणि कॅल्शियम या दोन्ही गोळ्यांनी पोट बांधलं जातं. म्हणजे मुळात थायरॉईडनं पाळी बिघडवली, पाळीनं रक्त कमी केलं, त्यावरच्या गोळ्यांनी पोट आणखी जड केलं. तक्रारी चार, चिठ्ठ्या तीन, मूळ कारण मात्र एकच.

शेवटी बेळगावच्या एका डॉक्टरनी सगळ्या तक्रारी एकत्र ऐकून रक्ततपासणी सांगितली. टीएसएच ३८ आला आणि फ्री टी-४ कमी निघाला. टीएसएच हा मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीनं थायरॉईडला दिलेला हुकूम असतो. थायरॉईड काम करेनासा झाला की हुकमाचा जोर वाढतो, म्हणून आकडा चढतो. बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ हा नॉर्मल धरतात. तिला थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली.

सहा आठवड्यांनी टीएसएच तपासला तर २६. पोटही जवळपास तसंच. गोळी लागू पडत नाही, असं घरात सगळ्यांना वाटलं. डॉक्टरनी एकच विचारलं, "गोळी कधी घेता?" उत्तर आलं, "सकाळी चहाबरोबर, तिन्ही गोळ्या एकदमच."

घोटाळा तिथंच होता. लोह आणि कॅल्शियम पोटातच थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. चहा-कॉफीनं आणि जवळच्या वेळेत घेतलेल्या इसबगोलनंही त्याचं शोषण कमी होऊ शकतं. डॉक्टरनी गोळीची ताकद बदलली नाही, वेळा बदलल्या. सकाळी सहाला उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी साध्या पाण्यासोबत, त्यानंतर पाऊण-एक तास काही नाही, मग चहा. लोह दुपारी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. थायरॉईडच्या गोळीपासून या दोन्ही गोळ्या किमान चार तास लांब. इसबगोल झोपताना, मोठा ग्लासभर पाणी पिऊन.

आणखी आठ आठवड्यांनी टीएसएच ९ वर आला. मग गोळी ७५ ची केली आणि पुढच्या तपासणीत आकडा ३ झाला. तोवर तिला एक-दोन दिवसांआड सहज होऊ लागलं होतं, पाळीतलं रक्तही कमी झालं होतं. फरक पडायला दिवस नाही, आठवडे लागतात. हे हार्मोन शरीरात सावकाश साठतं, म्हणून प्रत्येक बदलानंतर सहा ते आठ आठवडे थांबूनच तपासणी करतात. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात, तिथं घाई चालत नाही.

इथं एक सावधगिरी हवी. टीएसएच ५-६ आहे आणि टी-४ नॉर्मल आहे, एवढ्यावरून बद्धकोष्ठतेचं खापर थायरॉईडवर फोडता येत नाही. असा किंचित वाढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. कित्येकदा तो आपोआप खाली येतो. तेवढ्यासाठी गोळी सुरू करून पोट सुधारेल अशी आशा धरू नये.

मधुमेहात नसांवर घाला

मधुमेहात गोष्ट वेगळ्या वाटेनं जाते. बरीच वर्षं साखर चढी राहिली की जशी पायांची बोटं बधिर होतात, तशाच आतड्याला चालवणाऱ्या बारीक नसाही खराब होतात. जेवणानंतर आतड्याला मिळणारा इशारा क्षीण होतो आणि संडासची भावनाच कमी होते. शिवाय साखर जास्त असताना लघवीवाटे पाणी जातं, त्यानं मळ आणखी कोरडा होतो.

हा त्रास एकटा येत नाही. पाय झिणझिणणं, उभं राहिल्यावर चक्कर येणं, थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटणं ही त्याची सोबत असते. काहींना आठवडाभर होत नाही आणि मग एखाद्या रात्री अचानक जुलाब लागतात. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त आलं आणि दुसऱ्या तपासणीतही तसंच निघालं, तर तो मधुमेह. खराब झालेल्या नसा पूर्ववत होतीलच असं नाही, पण साखर आटोक्यात आली तर पाणी जाणं थांबतं आणि नुकसान वाढण्याचा वेग कमी होऊ शकतो. वजन आणि साखरेसाठी आठवड्यातून एकदा घेतात त्या सेमाग्लुटाईडसारख्या इंजेक्शननंही पोट बांधलं जातं, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

आणखी दोन लपलेली कारणं

पहिलं म्हणजे रक्तातलं कॅल्शियम वाढणं. गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथीच्या बिघाडानं ते वाढतं. आपल्याकडं त्याचं आणखी एक कारण दिसतं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याला एक घ्यायची गोळी किंवा पुडी डॉक्टरांनी सहसा दोन महिन्यांपुरती लिहिलेली असते. ती मेडिकलमधून परस्पर आणून वर्षभर, कधीकधी रोजसुद्धा घेतली जाते. बद्धकोष्ठतेसोबत सारखी तहान, वरचेवर लघवी, मळमळ आणि सुस्ती असेल तर कॅल्शियम तपासायला सांगावं.

दुसरं म्हणजे पार्किन्सन. या आजारात हाताची थरथर सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठता लागू शकते. सोबत वास न येणं, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं, चाल मंदावणं अशी लक्षणं वयस्कर माणसात दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं.

डॉक्टरकडं जाताना

खरं तर जुनाट बद्धकोष्ठतेच्या बहुतेक रुग्णांमध्ये असा कुठलाही आजार सापडत नाही. त्यामुळं प्रत्येकानं सगळ्या तपासण्या करायची गरज नसते. पण त्रास नवा असेल, साध्या उपायांना दाद देत नसेल आणि वर सांगितल्यापैकी सोबतची लक्षणं असतील, तर टीएसएच, साखर, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन एवढ्या साध्या रक्ततपासण्यांतून बरंच कळतं.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं आणि सिरप एका पिशवीत घालून न्यावीत. लोह-कॅल्शियमशिवाय ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी किंवा नसांसाठी दिलेली अमिट्रिप्टिलीन, बीपीच्या काही गोळ्या यांनीही पोट बांधलं जातं. मात्र यातली कुठलीही गोळी मनानं बंद करू नये.

संडासवाटे रक्त पडत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, रक्त कमी झालं असेल किंवा पंचेचाळिशीनंतर सवय अचानक बदलली असेल, तर थायरॉईडचा रिपोर्ट काहीही येवो, मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी लागेल का हे डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आणि पोट फुगून टणक झालंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, अशी अवस्था असेल तर एरंडेल किंवा चूर्ण अजिबात देऊ नये. तेव्हा सकाळची वाट न बघता थेट इस्पितळ गाठावं.