अपडेट उतरलं, पण लागू झालं का?

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ नावाची चूक जगजाहीर झाली आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली. वेबसाइट आणि ब्राउझर यांच्यातली देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये ती होती. नेमकी फसवी विनंती पाठवली, की सर्व्हर आपल्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर बिनबोभाट देऊन टाकायचा. त्यात कुणाचा पासवर्ड सापडे, तर कधी खुद्द सर्व्हरची गुप्त किल्ली. दुरुस्ती त्याच दिवशी आली आणि अनेकांनी ती लगोलग बसवली. तरीही त्यातले काही सर्व्हर गळतच राहिले.

गोम अशी, की प्रोग्राम सुरू होताना लागणाऱ्या फायली डिस्कवरून मेमरीत घेतो आणि पुढे बंद होईपर्यंत त्यांवरच चालतो. लिनक्सवर अपडेट जुनी फाइल हटवून त्याच नावाची नवी ठेवतं. मात्र एखाद्या चालू प्रोग्रामने जुनी फाइल धरून ठेवली असेल, तर ती यादीतून गेली तरी त्या प्रोग्रामपुरती जिवंतच राहते. आवृत्ती विचारली तर उत्तर डिस्कवरच्या नव्या फाइलचं मिळतं, आणि बाहेरच्या विनंत्यांना तोंड देत असतो महिनोन् महिने न थांबलेला जुना वेब सर्व्हर! त्या दिवसांत जाणकार ही आज्ञा चालवत:

```
lsof -n | grep ssl | grep DEL
```

ज्या प्रोग्रामच्या ओळीत DEL दिसे, तो हटवलेली फाइल अजून वापरत होता. तेवढा प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की काम भागायचं. चूक कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रणेच्या गाभ्यात असेल, तर मात्र सहसा अख्खा संगणकच रीस्टार्ट करावा लागतो. चालू कर्नलमध्येच दुरुस्ती घालणारं ‘लाइव्ह पॅचिंग’ आहे, पण प्रत्येक दुरुस्ती त्यात बसत नाही.

विंडोजची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे वापरात असलेली फाइल सहसा बदलताच येत नाही. म्हणून नवी फाइल बाजूला तयार ठेवून रीस्टार्टची वाट पाहिली जाते. तोवर चालतं ते जुनंच.

‘पण आम्ही तर रोज रात्री लॅपटॉप बंद करतो,’ असं पुष्कळजण म्हणतील. विंडोज ८ पासून आलेली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय इथे फसवते. ती चालू असेल तर शटडाउन करताना कर्नलची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि सकाळी तीच परत मेमरीत येते. त्यामुळे रीस्टार्टसाठी अडलेलं अपडेट अडलेलंच राहू शकतं. टास्क मॅनेजरमध्ये Performance खाली CPU निवडून Up time पाहावं: रोज बंद होणाऱ्या लॅपटॉपवरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. Restart निवडल्यावर मात्र कर्नल नव्याने सुरू होतं आणि तो आकडा शून्यावर येतो.