६० हवे होते, ३७७ कुठून आले?

बॉस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये १९७५ ते १९७९ या काळात रुग्णांच्या हृदयाचे ठोके तासन् तास टेपवर नोंदवले गेले. त्यातले अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ तुकडे निवडून, त्यांचे आकड्यांत रूपांतर करून १९८० मध्ये जगासाठी खुले केले. ईसीजीवर काम करणारा विद्यार्थी, मग तो पुण्याचा असो की पर्थचा, आजही बहुधा याच एमआयटी-बीआयएच संग्रहापासून सुरुवात करतो. या नोंदींत सेकंदाला ३६० नमुने आहेत. हा आकडा सहज पडलेला नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आणि तिची गुणगुण ईसीजीच्या तारांमध्ये शिरते. ती साध्या फिल्टरने काढता यावी म्हणून मुद्दाम ३६० धरले.

३६० भागिले ६० म्हणजे ६. विजेच्या गुणगुणीच्या एका आवर्तनात बरोबर सहा नमुने बसतात. लाट शून्यापासून सुरू झाली तर ते असे येतात: ०, ०.८६६, ०.८६६, ०, −०.८६६, −०.८६६, आणि पुन्हा तेच. आता हा फिल्टर पाहा:

```
y[n] = x[n] - x[n-1] + x[n-2]
```

आताचा नमुना घ्यायचा, त्यातून आधीचा वजा करायचा, त्याच्याही आधीचा मिळवायचा. वरचे लागोपाठचे कुठलेही तीन आकडे घालून बघा, उत्तर शून्य येते. गुणगुण साफ गेली, आणि गुणाकारसुद्धा करावा लागला नाही. फिल्टर ओबडधोबड आहे हे खरे. तो ३० हर्ट्झचा घटकही सुमारे पाऊणपट करतो आणि १८० हर्ट्झचा तिप्पट, म्हणून प्रत्यक्षात याहून अरुंद खाचेचे फिल्टर वापरतात. पण अक्षावरच्या एककांचा घोळ समजून घ्यायला याच्याइतका सोयीचा नमुना नाही.

कारण त्या ओळीत सेकंद कुठेच नाही. फिल्टरला दिसतात फक्त एकामागून एक येणारे आकडे. सेकंदाला ३०० नमुन्यांची नोंद त्याला दिली, तर तो आपल्याकडची ५० हर्ट्झची गुणगुण मारेल. ५०० नमुन्यांची दिली तर ८३.३ हर्ट्झ. त्याच्या दृष्टीने तिन्ही वेळा गोष्ट एकच: दर सहा नमुन्यांना एक आवर्तन.

म्हणून फिल्टरचा आलेख काढताना आडव्या अक्षावर काय लिहायचे, याची तीन उत्तरे निघतात. पहिले, दर नमुन्याला आवर्तने: आपली खाच १/६ वर, म्हणजे ०.१६७ वर. दुसरे, दर नमुन्याला रेडियन: एक आवर्तन म्हणजे पूर्ण वर्तुळ, २π रेडियन, तेव्हा खाच २π/६ वर, म्हणजे १.०४७ वर. हे गणितज्ञांचे लाडके एकक, कारण सूत्रात साइन-कोसाइनच्या आत हाच कोन जातो. तिसरे हर्ट्झ. तिथे पोचायला मात्र बाहेरून एक आकडा आणावा लागतो, सेकंदाला नमुने किती. १/६ गुणिले ३६०, झाले ६०.

इथवर शाळेतले गणित आहे. खरी गंमत चौथ्या एककात आहे, आणि ते आलेखाखाली पुष्कळदा धड लिहिलेलेही नसते. नमुने सेकंदाला ३६० असतील तर १८० हर्ट्झच्या वरची लाट खालच्याच एखाद्या लाटेसारखी दिसते. ही निम्मी मर्यादा म्हणजे नायक्विस्ट वारंवारता. बरीच सॉफ्टवेअर तिलाच १ धरतात. त्या हिशेबाने आपली खाच ६०/१८०, म्हणजे ०.३३३ वर. पायथनच्या सायपायमध्ये हे सगळे एकाच घरात नांदते. काहीच सांगितले नाही तर फिल्टर बनवणारे `iirnotch` नायक्विस्टला १ मानते, आलेखासाठी आकडे देणारे `freqz` रेडियन देते, आणि शेजारच्या नमपायचे `fftfreq` आवर्तने. प्रत्येकाची सवय आपापल्या जागी समर्थनीय आहे. एकत्र वापरणाऱ्याचे मात्र हाल होतात.

समजा एखाद्याने `freqz` चे आकडे घेतले आणि हर्ट्झ हवेत म्हणून सरळ ३६० ने गुणले. खाच ३७७ वर दिसेल. २π ने भागायचे राहिले. विजेच्या अभियंत्याला हा आकडा तोंडपाठ असतो: ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३७७ रेडियन, आपल्या ५० हर्ट्झचे ३१४. दुसऱ्याने π ने भागून ३६० ने गुणले, म्हणजे नायक्विस्टऐवजी पूर्ण नमुनादर लावला. त्याची खाच १२० वर. या दोन्ही चुका आलेखाच्या उजव्या टोकाकडे पाहिले की पकडता येतात. अक्ष १८० वर संपायला हवा. पहिल्याचा ११३१ वर संपतो, दुसऱ्याचा ३६० वर.

उजवे टोक आधी वाचायचे, ही सवय लेबल नसलेल्या आलेखालाही लागू पडते. टोकाला ०.५ असेल तर आवर्तने, ३.१४ असेल तर रेडियन, १ असेल तर नायक्विस्टचे प्रमाण. एक अपवाद ध्यानात ठेवावा. काही आलेख पूर्ण वर्तुळाचे असतात, तिथे आवर्तनांचा अक्षही १ वरच संपतो. पण साध्या, वास्तव गुणकांच्या फिल्टरचा असा आलेख मधोमध आरसा धरल्यासारखा दिसतो; डावी बाजू उजवीकडे उलटी उमटते. त्यावरून तो ओळखावा.

चुकीचा आकडा फिल्टर बनवतानाच गेला तर ती चूक अधिक लबाड. `iirnotch` ला १.०४७ दिले तर ते तिथल्या तिथे नकार देते, कारण १ च्या पुढे त्याला जायचेच नाही. पण ०.१६७ दिले तर ते निमूटपणे ३० हर्ट्झवर खाच पाडते. खाच अरुंद असली की ईसीजी वरवर ठीकच दिसतो, फक्त गुणगुण जशीच्या तशी राहते, आणि माणूस फिल्टरची धार वाढवत बसतो. त्यापेक्षा एकक उघड सांगितलेले बरे:

```python
b, a = iirnotch(60, 30, fs=360)
w, h = freqz(b, a, fs=360)
```

आता दोन्हीकडे हर्ट्झच, आणि π शी आपला संबंध उरत नाही. (दुसरा आकडा, ३०, खाचेची धार ठरवतो, वारंवारतेशी त्याची गल्लत करू नये.)

मात्र `fs` मध्येच चूक असेल तर उजवे टोकही वाचवत नाही. याच नोंदींना कोणी २५० चा नमुनादर लावला, तर अक्ष १२५ वर नीटनेटका संपेल, खाच ६० वर दिसेल, आणि ती खऱ्या ८६.४ हर्ट्झवर पडलेली असेल. म्हणून फिल्टर लावण्याआधी कच्च्या नोंदीचा वर्णपट काढून गुणगुणीचा सुळका कुठे आहे ते बघावे. नोंद अमेरिकेतली, तेव्हा तो ६० वर हवा. भारतातले पाठ्यपुस्तक उघडून ५० वर खाच पाडली तर ती रिकाम्या जागी पडेल. आणि सुळका ४१.७ वर दिसला, तर फिल्टरला बोल लावण्याआधी ४१.७ ला २५० ने भागून पाहावे: उत्तर १/६ येते, म्हणजे नोंद ३६० चीच आहे.