एका सायंकाळी चैत्रगौरीची आरास

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत सोयीचा दिवस पाहून हळदीकुंकू करावे, अशी आपली रीत. माळव्यातील मराठी घरांतूनही ती चालत आली आहे. परंतु महिनाभराची ही सवलतच पुष्कळदा गृहिणीला अडचणीत आणते. ‘पुढच्या मंगळवारी करू’ असे म्हणता म्हणता अक्षय्य तृतीया उजाडते आणि दुपारी चार वाजता आठवते की, आठाला बायका येणार आहेत व घर अजून जसेच्या तसे आहे.

अशा वेळी प्रत्येक कामाबाबत दोन प्रश्न विचारावेत. आलेल्या सुवासिनीची नजर तेथे जाईल काय? आणि त्या कामाला वाळायला किंवा कोमेजायला किती वेळ लागतो? पहिल्या प्रश्नावरून काय करायचे ते ठरते, दुसऱ्यावरून केव्हा करायचे ते.

इंदूरमधले एक साधे घर डोळ्यांपुढे आणू या. बाहेर लहानसा ओटा, मग बैठकीची खोली, आत स्वयंपाकघर आणि एक निजायची खोली. आंब्याची डाळ व पन्हे यांचे काम घरातील दुसऱ्या कोणी पत्करले आहे.

चार ते साडेचार या वेळात फक्त आवराआवर करावी. बैठकीतील जास्तीच्या वस्तू निजायच्या खोलीत नेऊन तिचे दार लोटून घ्यावे आणि केर काढावा. हे आधी केले नाही, तर नंतर मांडलेल्या आराशीवर धूळ बसते. सतरंजी अंथरून तिच्यावर स्वतः क्षणभर बसून पाहावे. खाली बसलेल्या बाईला भिंतीवरच्या तसबिरीपेक्षा पलंगाखालची ट्रंक अधिक दिसते. तेथे चादर जमिनीपर्यंत सोडली की पुरे.

लगेच ओटा पुसून अर्धी वाटी गेरू पाण्यात कालवावा आणि फडक्याच्या बोळ्याने एकसारखा पातळ सारवावा. चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात तो लवकर वाळतो. तरी बोट लावून पाहावे. बोटाला ओल लागत असेल तर थांबावे, कारण ओल्या गेरूवर रांगोळी भिजून रेघ मळकट होते. गुळगुळीत फरशीवर गेरू नीट धरत नाही व पावलांबरोबर घरभर होतो. तेथे पाट गेरूने रंगवून त्यावर चैत्रांगण काढावे.

गेरू वाळेतो गौरीची आरास मांडावी. सारख्या उंचीचे डबे व पाट यांच्या तीन पायऱ्या रचाव्यात आणि काठावर तळहाताने दाबून पाहावे. पायरी डुगडुगली तर खाली घडी घातलेले फडके सारावे. वर एकरंगी सुती साडी घालावी. नायलॉनची साडी घसरते आणि कलश, खेळणी, फळे हळूहळू पुढे सरकतात. साडीच्या चुण्यांपासून समई निदान हातभर दूर हवी. पंखा सुरू करून ज्योत कुठे स्थिर राहते ते आधीच पाहावे.

सहाच्या सुमारास, उजेड आहे तोवर रांगोळी काढावी. चैत्रांगणात एकावन्न चिन्हे काढण्याची रीत सांगतात. परंतु घाईत पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गोपद्मे, तुळशीवृंदावन आणि स्वस्तिक एवढी रेखीव काढावीत. ती दाराच्या मधोमध नकोत, एका अंगाला हवीत, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांची पावले त्यावर पडणार नाहीत.

त्यानंतर तोरण. तीन फूट रुंदीच्या दाराला दोन-दोन इंचांवर एक याप्रमाणे आंब्याची अठरा पाने लागतात. ती टिकाऊ असल्याने थोडी आधी बांधली तरी चालतात. मोगऱ्याचे मात्र तसे नाही. गजरे व माळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि सव्वासातनंतरच गौरीला घालाव्यात. लवकर घातल्या तर पाहुण्या येईतो पाकळ्या तपकिरी पडू लागतात.

वेळ अपुरा पडलाच, तर शेवटच्या कामापासून गाळत यावे असे नाही. महत्त्वाचा क्रम निराळा आहे. प्रथम बसायची स्वच्छ जागा, मग गौर व समई, मग ओट्यावरचा दिवा, त्यानंतर तोरण आणि रांगोळी. तासभरच हाती असेल तर गेरू सोडून द्यावा आणि कोरड्या ओट्यावर चार गोपद्मे काढावीत. पायऱ्यांऐवजी एका चौरंगावर गौर बसवावी. निजायच्या खोलीचे दार तर मिटलेलेच आहे.

साडेसातला हात थांबवावा. उरलेला अर्धा तास गृहिणीने स्वतःसाठी ठेवावा. हळदीकुंकू, अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि ओटीचे भिजवलेले हरभरे तबकात मांडून, साडी बदलून ती दारात उभी असली, म्हणजे पहिल्या सुवासिनीला ओल्या हातांनी ‘या’ म्हणण्याची वेळ येत नाही.