फोनवर मॅच चालते, टीव्हीवर चक्र फिरतं

माझी आत्या डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहते. हॉलच्या भिंतीवर 43 इंची स्मार्ट टीव्ही आहे आणि इंटरनेटचा प्लॅन 100 एमबीपीएसचा. दिवसभर सगळं सुरळीत चालतं. रात्री नऊला मॅच रंगात आली की मात्र पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागतं. बोलर धावत येतो आणि तसाच थिजतो. तेवढ्यात बाल्कनीत फोनवर मॅच बघणारा आतेभाऊ ओरडतो, “गेला! आउट!” काका वैतागतात आणि आत्या इंटरनेटवाल्यांना फोन लावते.

त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा बेडरूममध्ये राउटरपाशी उभं राहून त्याने स्वतःच्या मोबाइलवर स्पीड तपासला आणि 95चा आकडा दाखवला. “लाइन एकदम ओके आहे, काकी. तुमचा टीव्हीच खराब असणार,” असं सांगून तो निघाला. तो खोटं बोलत नव्हता, लाइन खरोखरच ठीक होती. पण त्याने मोजलं ते राउटरपर्यंतचं इंटरनेट. राउटरपासून टीव्हीपर्यंतचा जो आठ-नऊ मीटरचा टप्पा आहे, तो मोजलाच नाही, आणि माझ्या अनुभवात दुखणं बहुतेकदा तिथेच असतं.

“फोनवर चालतंय म्हणजे वाय-फाय चांगलं आहे,” हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. ते पटतंही. पण या बाबतीत फोनची साक्ष धरता येत नाही. एक तर फोनची मागणीच कमी असते. सहा इंचांच्या पडद्यावर चित्राचा दर्जा थोडा उतरला तरी डोळ्याला कळत नाही, त्यामुळे दोन-तीन एमबीपीएस मिळाले तरी फोनवर मॅच छान दिसते. टीव्ही मोठं चित्र मागतो. नेटफ्लिक्सचीच शिफारस फुल एचडीसाठी 5 आणि फोर-केसाठी 15 एमबीपीएसची आहे. शिवाय फोन हातात असतो. एका जागी रेंज कमी पडली तर आपण नकळत कूस बदलतो, खुर्ची सरकवतो, खोली बदलतो. टीव्ही भिंतीला ठोकलेला असतो. त्याचा वाय-फायचा अँटेना सहसा पाठीमागच्या बाजूला, म्हणजे पत्रा, स्टँड आणि भिंत यांच्या बेचक्यात सापडलेला असतो.

त्याहून मोठा फरक पट्ट्याचा आहे. आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिला लांब पोचतो, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो, पण तो अरुंद आहे. एकमेकांवर न चढणारे चॅनेल त्यात तीनच बसतात: 1, 6 आणि 11. आत्याच्या हॉलमध्ये उभं राहून फोनवर पाहिलं तर शेजारपाजारची सतरा वाय-फाय नावं दिसली. ही सगळी घरं त्या तीन चॅनेलांवर दाटीवाटीने बसलेली. वाय-फायचा नियम सार्वजनिक नळासारखा आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. दुपारी नळावर कोणी नसतं. रात्री नऊला मात्र पूर्ण इमारत रांगेत असते. म्हणून दुपारी तक्रार नाही आणि मॅचच्या वेळी हमखास आहे. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा भरपूर असते, वेगही जास्त मिळतो, पण भिंतींपुढे तो लवकर दमतो. आत्याकडचे फोन आणि लॅपटॉप 5वर होते. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने यादीतलं वरचं नाव निवडलं होतं, आणि ते 2.4चं होतं. तेव्हापासून टीव्ही तिथेच होता.

आता ते चक्र नेमकं कधी फिरतं? आपण बघतो तो व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. टीव्हीमधलं ॲप मागच्या काही तुकड्यांना किती वेळ लागला ते पाहून पुढचा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवतं आणि थोडा साठा पुढे करून ठेवतं. हा साठा संपला की चित्र थांबतं. वेग कमी पण एकसारखा असेल तर ॲप हलका दर्जा मागून निभावून नेतं. चक्र फिरवतो तो हेलकावणारा वेग: आता 20, दोन सेकंदांनी 3, पुन्हा 18. ॲप 20च्या भरवशावर जड तुकडा मागतं आणि तो वाटेत अडकतो. चित्रपटाचा साठा बराच पुढे जाऊ शकतो, म्हणून असे हेलकावे तिथे पचतात. मॅच थेट चाललेली असते. पुढचा चेंडू पडलेलाच नाही, तर साठवणार काय? हाताशी काही सेकंदांचाच साठा असतो. “पिक्चर नीट दिसतो, मॅचच अडकते,” हे आत्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं.

तो साठा डोळ्यांनी पाहता येतो, आणि हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंगमध्ये `Stats for nerds` असा पर्याय मिळतो. तो चालू केला की पडद्यावर आकड्यांची एक पाटी येते. तिच्यातल्या दोनच ओळी बघायच्या. `Connection Speed` म्हणजे टीव्हीपर्यंत प्रत्यक्ष पोचणारा वेग आणि `Buffer Health` म्हणजे पुढे किती सेकंदांचा साठा आहे. एका शनिवारी रात्री सव्वानऊला आम्ही आत्याच्या टीव्हीवर फोर-केचा व्हिडिओ लावला आणि दर्जा हाताने 2160वर ठेवला. साठा 20 सेकंदांवरून उतरू लागला. 14, 9, 4, शून्य. चक्र फिरलं. आत्या ते आकडे मोठ्याने वाचत होती. वेगाची ओळ 4 ते 12 एमबीपीएसच्या मध्ये हेलकावत होती.

मग मी फोन टीव्हीच्या मागच्या कडेला, भिंत आणि पडदा यांच्या फटीत धरला, 2.4च्या नावाला जोडला आणि `fast.com` उघडलं. आकडा आला 9. फोन तिथेच ठेवून 5च्या नावाला जोडला तर 31. सोफ्यावर 5वर 88. माणूस तोच, प्लॅन तोच, मिनिटही जवळजवळ तेच. आकडा फक्त जागेने आणि पट्ट्याने बदलला. इंटरनेटवाल्याने मोबाइल टीव्हीच्या मागे धरून, रात्री नऊला मोजलं असतं तर त्यालाही हेच दिसलं असतं.

सगळ्यात सोपा उपाय आधी केला. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन 2.4चं नाव “विसरून जा” केलं आणि 5च्या नावाला जोडलं. काही राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात, तेव्हा टीव्ही बऱ्याचदा आपणहून 2.4 धरतो. अशा घरी राउटरच्या सेटिंगमध्ये दोन नावं वेगळी करून घ्यावी लागतात. टीव्हीच्या यादीत 5चं नाव दिसतच नसेल तर बहुधा त्या टीव्हीत तो पट्टाच नाही. स्वस्त आणि जुन्या टीव्हींमध्ये हे सर्रास आढळतं. तेव्हा राउटरला 2.4वर 1, 6 किंवा 11 यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल आणि रुंदी 40ऐवजी 20 मेगाहर्ट्झ ठरवून दिली तर रांगेत निदान थोडी शिस्त येते.

आत्याकडे 5वर दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या रात्री फोन आला, पुन्हा चक्र. गेलो तर बेडरूमचं दार बंद होतं. राउटर आणि टीव्ही यांच्या मध्ये एक आरसीसी खांब, एक लोखंडी कपाट आणि आता हे दार. 31चा आकडा 10-12वर आला होता. 5 गिगाहर्ट्झची मर्यादा ती हीच.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाकली. पंधरा मीटरची साधी कॅट-सिक्स, स्कर्टिंगच्या कडेने खिळ्याच्या क्लिपांनी बसवलेली, दाराखालच्या फटीतून नेलेली. जिना आणि खालचा मजला धरूनही घरातलं अंतर केबलच्या 100 मीटरच्या मर्यादेत सहज बसतं. आकडा आला 93. इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट, महागड्यांचंसुद्धा, 100 एमबीपीएसचंच असतं. 300चा प्लॅन असलेल्या घरात केबलवर 93 दिसले की लोकांना फसल्यासारखं वाटतं. पण फोर-केला हवेत 15, आणि केबलचे 93 दार बंद केल्याने हलत नाहीत. टीव्हीला स्थिर वेग हवा असतो, मोठा नाही.

केबल शक्य नसेल तर इंटरनेटवाल्याला सांगून राउटरच हॉलमध्ये हलवून घ्यावा. टीव्हीच्या थेट मागे किंवा कपाटाच्या खणात तो ठेवू नये. रिपीटर घेतला तर तो टीव्हीजवळ नव्हे, वाटेत मध्यावर लावावा. टीव्हीजवळ लावलेल्या रिपीटरला जो तुटपुंजा सिग्नल मिळतो, तोच तो पुढे ढकलतो.

टीव्हीच दोषी असण्याची शक्यता उरतेच, आणि तिची परीक्षा दहा मिनिटांची आहे. फोनचा हॉटस्पॉट चालू करून फोन टीव्हीसमोर ठेवा, टीव्ही त्याला जोडा आणि तोच व्हिडिओ लावा. मोबाइलचं नेट चांगलं असताना टीव्ही अखंड चालला तर तो निर्दोष आहे आणि बिघाड घरातल्या वाटेत आहे. चक्र तरीही फिरलं तर टीव्हीच्या आत बघायचं. या परीक्षेला जास्त वेळ देऊ नका, कारण फोर-के तासाला 7 जीबीपर्यंत डेटा घेऊ शकतं. स्मार्ट टीव्हींमध्ये मेमरी पुष्कळदा एक-दीड जीबीच असते. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद होत नाही, नुसता डुलकी घेतो, आणि महिनोन्‌महिने उघडी राहिलेली ॲप आत साचतात. प्लग काढून मिनिटभराने लावला की तो नव्याने सुरू होतो. नको असलेली ॲप काढावीत, उरलेली अपडेट करावीत. चक्र न फिरता चित्र नुसतंच अडखळत असेल आणि `Buffer Health` भरलेला असेल तर इंटरनेटचा संबंध नाही. तिथे टीव्हीचा प्रोसेसरच थकलेला आहे, आणि त्याला वेगळी स्टिक लावणं हाच उपाय उरतो.

आत्याने केबलवर स्कर्टिंगच्या रंगाची टेप चिकटवली आहे. पुढच्या मॅचला ती पाटी पडद्यावर नव्हती, पण काकांनी मध्येच मॅच थांबवून यूट्यूब लावलं, `Buffer Health` पाहिला, आणि मला फोन केला. साठा 40 सेकंदांच्या वर होता.