अधांतरी चपलेची सावली

ऑनलाइन दुकानात कोल्हापुरी चप्पल पांढऱ्या पार्श्वभूमीवर अधांतरी तरंगताना दिसते. टाच वर, अंगठ्याकडची बाजू खाली. प्रत्यक्षात ती तंगुसाने, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनच्या बारीक धाग्याने, वरच्या आडव्या दांडीला टांगलेली असते. धागे नंतर संगणकावर पुसले जातात. युक्ती जुनी आहे. फिलिप हॉल्समन यांच्या १९४८च्या ‘डाली अ‍ॅटॉमिकस’ या गाजलेल्या छायाचित्रातही चित्रफलक तारांनी टांगला होता आणि छापताना तारा पुसल्या होत्या.

पुसणं अवघड नाही, पण त्याची तयारी फोटो काढतानाच करावी लागते. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही मॅन्युअलवर ठेवायचे, म्हणजे दोन फोटोंत फरक पडत नाही. चप्पल टांगून फोटो घ्यायचा. मग चप्पल आणि धागे काढून, दिवे जिथल्या तिथे ठेवून, रिकाम्या कागदाचा फोटो घ्यायचा. संगणकावर हे दोन फोटो एकावर एक ठेवले आणि धाग्याच्या जागी मास्क लावून रिकामा कागद उघड केला, की धागा जातो आणि कागदाचा खरा पोत राहतो. रिकामा फोटो नसेल तर क्लोन स्टॅम्पने शेजारचा कागद धाग्यावर चढवावा लागतो. तिथे हलक्या राखाडी छटेवर डाग पडतात. ते सहज दिसत नाहीत, म्हणून वर कर्व्हचा एक तात्पुरता थर टाकून कॉन्ट्रास्ट खूप वाढवून पाहावं. राहिलेला प्रत्येक फराटा लगेच दिसतो.

आता सावली. टांगलेल्या चपलेची खरी सावली नीट पडली असेल तर ती तशीच ठेवावी. पण बहुतेक वेळा दांडीची सावली तीत मिसळते, किंवा चप्पल कागदापासून बरीच उंच टांगलेली असते आणि फोटोत ती खाली आणायची असते. अशा वेळी सावली रंगवावी लागते, आणि बहुतेक फोटो फसतात ते इथेच. चपलेखाली सगळीकडे सारखाच मऊ असलेला काळा लंबगोल काढला, तर चप्पल तरंगत नाही, चिकटवलेली दिसते.

कारण साधं आहे. वस्तू कागदापासून जितकी वर, तितकी सावलीची कड पसरट. समजा, डोक्यावर ६० सेंटिमीटर रुंद सॉफ्टबॉक्स आहे. अंगठ्याकडची बाजू कागदापासून ५ सेंटिमीटर वर आणि सॉफ्टबॉक्सपासून १२० सेंटिमीटर खाली. दिव्याची रुंदी गुणिले वस्तूची कागदापासूनची उंची, भागिले दिव्यापासूनचं अंतर, असा हिशेब केला तर तिथे कड अडीच सेंटिमीटर पसरते. टाच २० सेंटिमीटर वर आहे, दिव्यापासून १०५. तिथे कड ११ सेंटिमीटरहून जास्त पसरते. टाच जेमतेम आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे तिच्या सावलीत पूर्ण गडद भाग उरतच नाही, नुसती फिकट छटा राहते. पुढच्या बाजूला मात्र मधोमध स्पष्ट गडद पट्टा हवा.

म्हणून सावली दोन थरांत करावी. चपलेच्या बाह्याकाराची निवड करून ती मल्टिप्लाय मोडच्या थरावर भरायची आणि कागदाच्या कोनाप्रमाणे चपटी करायची. एका प्रतीला थोडा गॉशियन ब्लर, दुसरीला खूप. ब्लरची त्रिज्या पसरलेल्या कडेच्या साधारण चौथाई धरली तर अंदाज जमतो. मग मास्कवर ग्रेडियंट ओढून पुढच्या बाजूला पहिली आणि टाचेकडे दुसरी दिसू द्यायची. टाचेकडचा थर फिकाही हवा. रंग निव्वळ काळा घेऊ नये. कागदाच्याच गडद छटेत चामड्याचा किंचित तपकिरी रंग मिसळावा, कारण चपलेवरून परतलेला प्रकाश खालच्या कागदावर पडतो. दिवा डावीकडे असेल तर सावली उजवीकडे सरकते, आणि टाचेची जास्त सरकते. चपलेच्या डाव्या कडेवर चमक असताना सावलीही डावीकडे असेल, तर सगळी मेहनत वाया जाते.

शंका आली तर चप्पल त्याच उंचीवर हाताने धरून त्याच दिव्याखाली एक फोटो काढावा आणि तो समोर ठेवून रंगवावं. हात मध्ये आला तरी कडा कळतात.

शेवटची अडचण चपलेवरच्या धाग्याची. तो पट्ट्याच्या वेणीवरून गेला असेल तर वेणी क्लोन करून भरू नये. धागा दुसऱ्या जागी बांधून आणखी एक फोटो काढावा आणि झाकलेला भाग त्यातून घ्यावा. हवा, कागद आणि सावली रंगवलेली चालते. विकायची वस्तू मात्र जशी आहे तशीच दिसली पाहिजे.