एका दोलनाचे दोन सेकंद नेमके कसे मोजावेत?

अकरावीच्या प्रयोगशाळेत दोऱ्याला धातूचा गोळा टांगून त्याचा दोलनकाल मोजायचा असतो. दोऱ्याची लांबी एक मीटर असेल, तर गोळ्याला एकदा जाऊन परत यायला साधारण दोन सेकंद लागतात. हातात स्टॉपवॉच असले, तरी हे दोन सेकंद नेमके मोजणे अवघड आहे.

समजा, एका विद्यार्थिनीने एकेका दोलनाचा वेळ दहा वेळा घेतला. सेकंदांत तिची रीडिंग अशी आली: 2.10, 1.88, 2.05, 1.95, 2.17, 1.90, 2.08, 1.94, 2.12, 1.91. दोलक तर तोच आहे, मग आकडे का बदलतात? कारण बटण दाबणारे बोट कधी क्षणभर आधी पडते, कधी क्षणभर उशिरा. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते खरे, पण बोटाची चूक दहाव्या भागाएवढी असते. ही चूक कोणत्या बाजूला आणि किती होईल, हे आधी सांगता येत नाही, म्हणून तिला यादृच्छिक त्रुटी म्हणतात.

सरासरी उपयोगी पडते ती इथे. काही रीडिंग जास्त आली आहेत, काही कमी. बेरीज करताना ही कमी-जास्त बरीचशी एकमेकांत जिरते. वरच्या दहा आकड्यांची सरासरी 2.01 येते. एकेक रीडिंग साधारण 0.1 सेकंदाने इकडे-तिकडे होते, पण सरासरीतली अनिश्चितता 0.03 सेकंदाच्या आसपास उतरते. दहा रीडिंग घेऊन त्रुटी दहापट कमी होत नाही, सुमारे तीनपटच होते, कारण ती रीडिंगच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. दहापट घट हवी असेल, तर शंभर रीडिंग घ्यावी लागतील.

त्यापेक्षा चांगली वाट म्हणजे एका दोलनाऐवजी सलग वीस दोलनांचा वेळ घेणे. बटण तेव्हाही दोनदाच दाबायचे असते, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. बोटाची चूक तेवढीच राहते आणि वीस दोलनांत वाटली जाते. म्हणजे एकाच रीडिंगमध्ये ती वीसपट घटते. आता त्याच विद्यार्थिनीने वीस दोलनांची पाच रीडिंग घेतली: 40.1, 40.3, 40.0, 40.2, 40.1. सरासरी 40.14, आणि तिला वीसने भागले की दोलनकाल 2.007 सेकंद. अनिश्चितता फक्त 0.003 सेकंद उरते. याचा फायदा पुढे दिसतो. गुरुत्वत्वरण काढताना दोलनकालाचा वर्ग करावा लागतो, त्यामुळे दोलनकालातली एक टक्का चूक उत्तरात दोन टक्के होते. पहिल्या पद्धतीने गुरुत्वत्वरणात सुमारे 3 टक्के अनिश्चितता राहते, दुसऱ्या पद्धतीने पाव टक्का.

दोलन मोजण्याची जागाही महत्त्वाची आहे. टोकाला गोळा क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे तो नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. मधोमध त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून मागे एक खूण ठेवून गोळा तिथून जाताना बटण दाबावे. आकड्यांचा पसारा लगेच कमी होतो.

पण प्रत्येक चूक सरासरीने जिरत नाही. बटण दाबतानाच ‘एक’ म्हणून मोजायला सुरुवात केली, तर ‘वीस’ म्हणेपर्यंत एकोणीसच दोलने झालेली असतात. अशी पाच रीडिंग एकमेकांशी उत्तम जुळतील, तरी दोलनकाल 1.907 आणि गुरुत्वत्वरण 9.80 ऐवजी जवळजवळ 10.9 येईल. म्हणून सुरुवात ‘शून्य’ने करावी. शंका असेल, तर दहा दोलनांचाही वेळ घेऊन पाहावा. मोजणी एकाने चुकत असेल, तर दहावरून आणि विसावरून काढलेले दोलनकाल जुळणार नाहीत. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता दोऱ्याच्या टोकापर्यंतच मोजली, तर तीही चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला होते, आणि हजार रीडिंग घेऊनही जात नाही.

पाचांत एखादे रीडिंग 38.1 आले तर? ते इतरांपेक्षा दोन सेकंदांनी, म्हणजे बरोबर एका दोलनाने कमी आहे. ही बोटाची चूक नव्हे, मोजणीत एक दोलन जास्त धरले गेले आहे. ते सरासरीत घेतले, तर चांगली रीडिंगही बिघडतात. त्यावर रेघ मारून शेजारी कारण लिहावे आणि नवे रीडिंग घ्यावे.

मात्र 40.0 आणि 40.3 अशा आकड्यांवर रेघ मारू नये. जर्नल नीटनेटके दिसावे म्हणून पाचही ठिकाणी 40.1 लिहिण्याची सवय अनेक वर्गांत आहे. त्या तक्त्यातून दोलनकाल मिळतो, पण तो किती भरवशाचा आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो. आकड्यांतला हा थोडा फरकच आपल्याला उत्तराशेजारी ±0.003 लिहिण्याचा हक्क देतो.