छायाचित्रातील आलेख आणि त्रुटिरेषांचा अर्थ

पुस्तकातील किंवा भित्तिपत्रकातील आलेखाचे छायाचित्र वर्गात दाखवताना त्याखालील मजकूर बहुधा कापला जातो. स्तंभाच्या टोकावरील उभी त्रुटिरेषा तेवढी दिसते. ती प्रमाण विचलनाची की प्रमाण त्रुटीची, हे कळत नाही. या दोहोंचा अर्थ मात्र वेगळा आहे. प्रमाण विचलन विद्यार्थ्यांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगते. प्रमाण त्रुटी ती सरासरी किती अचूक आहे हे सांगते. विचलनाला नमुन्यातील संख्येच्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी मिळते.

समजा, दोन तुकड्यांत प्रत्येकी 25 विद्यार्थी आहेत. सरासरी गुण 52 आणि 58, तर दोन्हींचे प्रमाण विचलन 10 आहे. विचलनाच्या रेषा 42 ते 62 आणि 48 ते 68 अशा येतात व एकमेकींवर बऱ्याच चढतात. प्रमाण त्रुटी 10 भागिले 5, म्हणजे 2. तिच्या रेषा 50 ते 54 आणि 56 ते 60 अशा वेगळ्या राहतात. आकडे तेच असूनही चित्र उलटे दिसते.

खरा निर्णय फरकाच्या प्रमाण त्रुटीवरून होतो. 2 आणि 2 यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ 2.83 येते. 6 ला त्याने भागल्यास टी-मूल्य 2.12 मिळते. 5 टक्के सार्थकता पातळीवर 2.01 पुरेसे असल्याने फरक सार्थ ठरतो. म्हणजेच विचलनाच्या रेषा एकमेकींवर चढल्या म्हणून फरक नाही, असे म्हणता येत नाही.

प्रमाण त्रुटीच्या रेषा एकमेकींवर चढल्या, तर स्वतंत्र गटांत टी-मूल्य 1.41 च्या पुढे जात नाही. म्हणून फरक सार्थ ठरत नाही. पण फरक सिद्ध न होणे म्हणजे दोन्ही गट समान असणे नव्हे. उलट, त्या रेषा सुट्या दिसल्या तरी फरक सार्थ असेलच असेही नाही. त्यांच्यातील अंतर अगदी थोडे असू शकते.

मजकूर कापलेला असल्यास रेषेची लांबी छायाचित्रातील अक्षावरच मोजावी. वरील आलेखात रेषा सरासरीच्या वरखाली 2 गुणांचीच दिसली, तर ती विचलनाची मानणे म्हणजे पहिल्या तुकडीतील बहुतेक विद्यार्थ्यांना 48 ते 56 गुण मिळाले असे मानणे होय. 100 गुणांच्या परीक्षेत असे क्वचितच घडते. तेव्हा ती रेषा प्रमाण त्रुटीची असावी. हा केवळ अंदाज होय. मूळ पान मिळेपर्यंत निष्कर्ष राखून ठेवावा.

त्याच विद्यार्थ्यांच्या आधीच्या व नंतरच्या गुणांची तुलना असेल, तर हे नियम लागू होत नाहीत. तेथे प्रत्येकाच्या गुणांतील बदल पाहावा लागतो, आणि तो या रेषांत दिसतच नाही.